फिकट पाव कच्चा असतोच असं नाही

"लादी वरून फिकट, बाजूने तर पांढरीफटक. कच्चीच असणार म्हणून घरी ओव्हनमध्ये २३० वर परत भाजली, तर वरून करपली आणि आतून कडक झाली. पैसे वाया गेले." (एक ग्राहक, परभणी)

ताई, नमस्कार. लादीत गोळे शेजारी शेजारी फुगून एकमेकांना चिकटतात. जिथे चिकटतात तिथे कोरडी धग पोचत नाही, तो भाग आतल्या वाफेवरच शिजतो. तपकिरी रंग यायला वरचा भाग आधी सुकून १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. वाफेत तेवढा ताप मिळत नाही, म्हणून लादी पावाची बाजू पांढरीच राहते.

वरचा रंग आम्ही लावतो त्या दुधाचा. आमचे बरेच गिऱ्हाईक अंडं खात नाहीत, म्हणून भाजण्याआधी फक्त दूध आणि ट्रे बाहेर काढल्यावर लोणी. एकाच ट्रेच्या अर्ध्या भागाला अंडं आणि अर्ध्याला दूध लावलं, तर अंड्याचा भाग तांबूस गडद होतो, दुधाचा फिकट सोनेरी राहतो. दोन्ही फोडून बघा, आत सारखेच शिजलेले. अंड्यात प्रथिनं जास्त असल्याने रंग लवकर धरतो, एवढाच फरक.

उलट गडद पाव कच्चा निघू शकतो. चाळीस ग्रॅमचा गोळा आम्ही २०० अंशांवर साधारण १५ मिनिटं ठेवतो. २३० वर तोच गोळा अर्ध्या वेळात रंगतो आणि रंग बघून बाहेर काढला की मधे पिठूळ राहतो, गार होताना खाली बसतो, वर सुरकुत्या पडतात. तुमच्या लादीचं वेगळं झालं. ती शिजलेलीच होती, त्यामुळे त्या धगीने उरलेला ओलावाही उडाला.

पारख करायची तर लादीच्या मधला पाव घ्या, तो सगळ्यात शेवटी शिजतो. तोडल्यावर बाजूला कापसासारखे धागे सुटायला हवेत आणि बोटाला काही चिकटू नये. दाबलेला खळगा वर आला की झालं; तसाच राहिला तर कच्चा. भट्टीतून काढताना आम्ही मधल्या पावात थर्मामीटर घालतो, ९२ ते ९५ अंश लागतात.

एक फिकेपणा मात्र खरोखर खराब असतो. आपल्याकडे मे महिन्यात कणीक बघता बघता जास्त आंबते, यीस्ट साखर खाऊन टाकतं आणि मग कितीही भाजा, पाव राखाडी, चपटा, आंबट वासाचा निघतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही बर्फाच्या पाण्याने मळतो. असा आंबट वास आलेला पाव आमच्याकडून कधी आला तर परत आणा, बदलून देऊ.

गडद रंगच हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा. दुधात साखर विरघळवून लावू, अंड्याशिवायही चांगला तांबूस येतो.