टाइमआउट आला म्हणून POST पुन्हा मारू नका भाऊ

"PUT आणि POST मधे फक्त नावाचा फरक आहे, दोघंही डेटाच पाठवतात. टाइमआउट आला म्हणजे रिक्वेस्ट पोचलीच नाही, बिनधास्त रिट्राय लावा. आणि लयच भीती वाटत असेल तर POST च्या जागी PUT लिहा, काम झालं."

अशी एक पोस्ट फिरत असते. तिच्यातलं आधी मधलं वाक्य घेतो कारण खरं नुकसान तिथूनच होते. टाइमआउट एवढंच सांगते का फोनपर्यंत उत्तर आलं नाही. रिक्वेस्ट जातानाच मेली का, का सर्व्हरनं काम करून टाकलं आणि उत्तर येताना रेंज गेली, हे फोनला कळायचा काही मार्गच नाही. आमच्याकडे जिनिंगच्या काट्यावर हेच झालं होतं. काट्यावरचा पोरगा फोनवर वजन टाकते, ॲप पावती सर्व्हरले पाठवते, मी ते ॲप बनवलं होतं आणि त्यात १० सेकंदाचा टाइमआउट आणि एकूण तीन प्रयत्न ठेवले होते. एका कास्तकाराची पिकअप आली, भरलेली ३४.२० क्विंटल, रिकामी १७.४०, म्हणजे निव्वळ कापूस १६.८०. संध्याकाळी चुकाऱ्याची यादी काढली तर त्याच्या नावावर ५०.४० क्विंटल. मुनीमजीनं यादी हातात धरून विचारलं, एका पिकअपमधे एवढा कापूस बसते का? रात्री सर्व्हरचा लॉग उघडला तर अशा तीन ओळी:

```
11:42:07 POST /pavtya 201
11:42:19 POST /pavtya 201
11:42:33 POST /pavtya 201
```

तीनही वेळा 201, म्हणजे सर्व्हरनं तीनदा "पावती बनवली" म्हणून सांगितलं आणि फोनले ते फक्त शेवटी एकदा ऐकू आलं. रिक्वेस्ट तिन्ही पोचल्या होत्या, पहिली दोन उत्तरं रस्त्यात गेली. तुमच्या लॉगमधे तेच वजन, तेच नाव आणि मधात टाइमआउटएवढं अंतर दिसलं तर समजून घ्या का माणसानं तीनदा टाकलं नाही, रिट्रायनं टाकलं.

आता "नावाचा फरक". फरक हा आहे का POST म्हणजे "हे घे आणि तुझ्या हिशोबानं काय ते कर", बहुतेक ठिकाणी नवीन नोंद बनते आणि तिचा नंबर सर्व्हर देते. PUT म्हणजे "या पत्त्यावर जे आहे ते असंच असू दे", आणि पत्ता पाठवणाऱ्याले आधीच माहीत असते. म्हणून तेच PUT एकदा पाठवा का पाच वेळा, शेवटी सर्व्हरवर चित्र एकच राहते. यालेच आयडेम्पोटंट म्हणतात, आणि हे कोणाचं मत नाही, HTTP च्या २०२२ च्या RFC 9110 मधे कलम 9.2.2 वाचा, PUT, DELETE आणि GET सारख्या नुसत्या वाचायच्या मेथड आयडेम्पोटंट आहेत, POST त्या यादीत नाही. तिथंच लिहून आहे का अशी हमी नसलेली रिक्वेस्ट क्लायंटनं आपल्या मनानं पुन्हा पाठवू नये, आणि मधल्या प्रॉक्सीले तर साफ मनाई आहे. पायथॉनच्या urllib3 चा Retry पण उत्तराची वाट पाहताना टाइमआउट आला तर POST ले डिफॉल्टमधे रिट्राय करत नाही. मी ते वेगळं सेटिंग टाकून चालू केलं होतं, अशीच एक फिरणारी पोस्ट वाचून.

काही लोक म्हणतात का दुसऱ्या PUT ले 201 च्या जागी 204 येते, मग आयडेम्पोटंट कसं? उत्तराचा कोड वेगळा चालते, लॉगमधे दोन ओळी आल्या तरी चालते, पावतीच्या नोंदीवर काय परिणाम झाला ते बघायचं असते.

मग आम्ही पत्ता फोनवरच बनवला, काटा नंबर, तारीख आणि त्या काट्यावरची पावती:

```
PUT /pavtya/K2-20241118-063
```

काटा नंबर त्यात पाहिजेच कारण दोन काटे एकाच वेळी बिनरेंजचे चालू असले तर दोघंही ६३ नंबरची पावती काढतील. आणि हा नंबर बटण दाबल्यावर एकदाच बनवून पाठवायच्या आधी फोनमधे सेव्ह करायचा. मी पहिल्यांदा नंबर पाठवायच्या फंक्शनच्या आत बनवला होता, म्हणजे प्रत्येक रिट्रायले नवीन नंबर, म्हणजे PUT लिहूनही तीन पावत्या. ॲप बंद पडून पुन्हा उघडलं तरी तोच नंबर निघाला पाहिजे.

तिसरी गोष्ट, "PUT लिहा, काम झालं", हे अर्धं खरं आहे आणि त्यातच माणूस फसते. PUT ही कबुली आहे, ती पाळायची सर्व्हरच्या कोडनं. आमच्या कोडमधे पावती सेव्ह झाली का खाली ही ओळ होती:

```sql
UPDATE khate SET ekun = ekun + 16.80 WHERE id = 27;
```

पावती एकच राहिली पण खात्यात कापूस तीनदा जमा झाला, कारण "अजून एवढं मिळव" हे दर वेळी वाढतच जाते. ते काढून टाकलं आणि एकूण वजन पावत्यांची बेरीज करूनच दाखवायला लागलो. तसंच कास्तकाराले जाणारा एसएमएस, तो पावती पहिल्यांदा बनली तेव्हाच गेला पाहिजे, नाहीतर त्याच्या फोनवर तीन मेसेज येतात आणि तो बिचारा तीन पावत्या समजून बसते.

अजून एक भानगड आहे जी लवकर ध्यानात येत नाही. समजा PUT पोचलं, उत्तर हरवलं, फोन बिनरेंजचा खिशात पडून राहिला. मधात मुनीमजीनं ओलाव्याची कपात करून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर १६.८० चं १६.४० केलं. तासाभरानं फोनले रेंज आली आणि जुनं PUT पुन्हा गेलं, झालं परत १६.८०. आयडेम्पोटंटची हमी तेच ते पुन्हा पाठवण्यापुरती आहे, मधात दुसऱ्यानं हात लावला तर ती वाचवत नाही. त्याच्यासाठी पहिली नोंद करताना हेडर लावा:

```
If-None-Match: *
```

याचा अर्थ, या पत्त्यावर काहीच नसेल तरच लिही. सर्व्हर हे हेडर खरंच तपासत असेल तर आधीच पावती असल्यावर तो 412 देते आणि काही बदलत नाही. रिट्रायमधे 412 आला तर घाबरायचं नाही, GET करून पावती बघायची, आपलीच असली तर फोनवर "पोचली" लिहायचं.

आणि POST च वापरणं भाग असेल, म्हणजे सर्व्हर दुसऱ्याचा आहे, तर ते Idempotency-Key हेडर घेतात का ते बघा. पैशाच्या बऱ्याच सेवा घेतात, Stripe घेते. नियम तोच, एका कामाले एकच की, सगळ्या प्रयत्नांत तीच. पण त्यांनी ते हेडर वाचतो म्हणून लिहिलं नसेल तर तुम्ही पाठवून काही उपयोग नाही, तिथं टाइमआउट आला का आधी यादी मागवून नोंद झाली का ते पाहा, मगच पुन्हा पाठवा.

तपासायले सोपं आहे. curl नं तेच PUT दोनदा मारा, मग पावत्यांच्या ओळी मोजा, खात्याची बेरीज पाहा आणि एसएमएसचा लॉग पाहा, तिन्ही. आम्ही याच्यावर अजून एक केलं, सर्व्हरवर सेव्ह झाल्यावर उत्तर द्यायच्या आधी मुद्दाम १५ सेकंद थांबवलं म्हणजे फोनले दर वेळी टाइमआउट येणारच, आणि काट्यावर जाऊन रिकामी पिकअप चढवून पावती काढली. लॉगमधे तीन ओळी, टेबलमधे एक पावती.