पैठणी 'नकली' ठरली? मालक, मुकाट्याने पैसे परत करा

मालक, हातमागाची पैठणी विकली, आणि आठवड्याभरात गिऱ्हाईकाच्या चुलत जावेने व्हॉट्सअॅपवर दोन फोटो बघून ती 'मशीनची' ठरवली, तर अजिबात वाद घालू नका. त्यांनी फोटो झूम केलाय. तुम्ही काय, साडी नुसती हाताळलीत.

पदर उलटा करून दाखवायचा आगाऊपणा तर मुळीच नको. हातमागावर नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी असते. विणकर धागा त्या रंगाच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि माघारी फिरवतो. म्हणून मोर मागूनही मोरच दिसतो. मशीनवरच्या जॅकार्ड मालात मागे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले असतात. पण उलट्या बाजूचा फोटो मागतो कोण?

मोर एकसारखे नाहीत, ही तक्रार आली तर माफी मागा. विणकराला सांगा, पुढच्या वेळी मशीनसारखं विण, म्हणजे हातमागाचं वाटेल.

रंगाबद्दल तर तोंडच उघडू नका. 'दुकानात जांभळी होती, फोटोत हिरवी दिसते, साडी बदलली!' अहो, उभा धागा हिरवा आणि आडवा जांभळा घातला की उजेड पडेल तसा रंग पालटणारच. ती धूपछाव आहे, लोक तिच्यासाठी मुद्दाम पैसे मोजतात! त्यात फोन प्रत्येक खोलीतल्या दिव्याप्रमाणे रंग आपल्या मनाने बदलतो. पिवळ्या बल्बखाली पदराची जर तांबूस, फ्लॅशमध्ये पांढरीफटक. ही जर चांदीची की तांब्यावर मुलामा दिलेली 'टेस्टेड', हे वरचा मुलामा खरवडल्यावर खाली पांढरं दिसतं की तांबं, त्यावरून कळतं. फोटो खरवडून फक्त स्क्रीनगार्डला चरा पडतो.

सिल्क मार्कचं लेबल दाखवलंत? छान. ते रेशमाची हमी देतं, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. हे समजावेपर्यंत दुकान बंद करायची वेळ होते.

पुरे झाली थट्टा. मालक, बिलावर 'फॅन्सी साडी १ नग' लिहिता आणि मग रडता? हातमाग, रेशीम, जर कुठली, लेबलचा नंबर, सगळं लिहा. विकण्याआधी पदराचा सुलट आणि उलट फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. विणीतला एखादा वाकडा मोर हीच त्या साडीची ओळख. तक्रार आली की फोटोवर बोलू नका, साडी मागवा आणि आधी ती तुमचीच आहे का ते ताडून बघा. मग गिऱ्हाईकासमोर पदराच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा वेगवेगळा जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. तरी पटलं नाही तर प्रयोगशाळेत पाठवा, पण फी कोण भरणार ते आधी कागदावर घ्या.

आणि फोटोवाल्या ताई, साडीला हात न लावता नकली म्हणताना दोन-दोन महिने मागावर बसणाऱ्या माणसालाच तुम्ही चोर ठरवता. लाज वाटत नसेल, तर निदान पदर उलटा करून बघा.