दोन दंडांची शिक्षा

आत्याची पोथी कण्यातून सुटली आणि "मोठ्या अक्षरात करून दे रे, एवढंसं तर आहे" असं म्हणून तिने एक अध्याय माझ्यापुढे टाकला. फक्त ६२ ओव्या. शनिवारी दुपारी उरकेल असं मला वाटलं. कोणत्या शनिवारी, हे ठरवलं नव्हतं.

कीबोर्डवर दंड कुठे असतो ते शोधायचा कंटाळा, म्हणून एंटरच्या डोक्यावरची उभी रेघ ठोकत सुटलो. चरण संपला की एक रेघ, ओवी संपली की दोन, मग आकडा, पुन्हा दोन. पडद्यावर झकास दिसत होतं.

छपाई अरुंद, म्हणून ओळ संपेल तिथे मीही इमानाने एंटर मारला. पुस्तकात 'नारा-' एका ओळीत आणि 'यण' पुढच्या ओळीत होता, तो मधल्या आडव्या रेघेसकट उतरवला. आत्याच्या मोबाईलवर पाठवल्यावर तिने खणखणीत वाचलं, "नारा…" थांबली, चष्मा पुसला, "…यण!" चरण दंडाशी संपतो, कागदाच्या कडेशी नव्हे, हे कंपोझिटरला ठाऊक होतं, त्याचा नाइलाज होता. माझा नव्हता.

मग सगळे एंटर काढले आणि ओवीच्या शेवटी एकेकच ठेवला. तर आता मोबाईलवर 'कृपा' वरच्या ओळीत आणि खाली एकटंच '|| ४७ ||', गाडी चुकलेल्या माणसासारखं. कारण रेघांच्या आधी साधी मोकळी जागा होती, आणि साधी जागा दिसली की ओळ तिथे तुटू शकते. तिथे आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना न तुटणारी जागा लागते. वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space ने येते. हे मला रात्री दीड वाजता कळलं.

तोवर रेघांचे खरे दंड करायचे होते. बदलायला आधी एकेरी रेघ दिली: | चं ।. झालं! दुहेरी रेघांच्या जागी दोन सुटे दंड, '।।', शेजारी-शेजारी उभे. दिसायला ॥सारखेच, पण दुहेरी दंड हे वेगळं एकच अक्षर. ते शोधलं तर सापडले शून्य. आधी || बदलायला हवं होतं, मग |. शेवटी '।।'चे ॥ करून सुटलो.

आता पडताळा. अध्यायाच्या शेवटी 'ओवीसंख्या ६२' छापलेलं. प्रत्येक ओवीला दोन ॥, म्हणजे १२४. वरच्या गणेशाला दोन, खालच्या कृष्णार्पणाला दोन. एकूण १२८. मोजणी म्हणाली १३०.

दोन ॥ जास्त, म्हणजे एक ओवी जास्त. मी मनाने रचलेली नव्हती, तेवढी प्रतिभा नाही. बोट ठेवून वाचत गेलो, तर पुस्तकातच ४७ दोनदा छापलेला! ओव्या ६३, आकडे ६२, आणि शेवटची संख्याही आकड्यांवरूनच घेतलेली.

विजयी मुद्रेने आत्याला फोन केला, पुढचे आकडे बदलू का म्हणून विचारलं.

"अजिबात नको," ती म्हणाली. "सासूबाई 'दुसरी सत्तेचाळीस' असंच म्हणायच्या."