जाहिरातीला दिलेले श्रेय म्हणजे तिने आणलेली विक्री नव्हे

“ऑनलाइन जाहिरातीचा साधा हिशोब. १) ज्या जाहिरातीवर शेवटचा क्लिक, विक्री तिचीच. २) फर्स्ट टच आता कुणी वापरत नाही, गुगलनेच काढून टाकले. ३) दुकानाच्या नावाने होणाऱ्या सर्चवर सर्वांत जास्त रोआस मिळतो, बजेट तिकडे वळवा. दोनच्या खाली रोआस असलेली मोहीम आजच बंद करा. ४) शंका असेल तर डेटा-ड्रिव्हन चालू करा, प्रत्येक मोहिमेचा खरा वाटा मशीन सांगेल.”

हा मजकूर मला व्यावसायिकांच्या दोन गटांतून आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. त्यातला रोआस म्हणजे जाहिरातीवर खर्चलेल्या एका रुपयामागे आलेली विक्री, फर्स्ट टच म्हणजे विक्रीचे सगळे श्रेय ग्राहकाला पहिल्यांदा भेटलेल्या जाहिरातीला देणे, आणि डेटा-ड्रिव्हन म्हणजे ते श्रेय गुगलच्या मशीनने वाटेतल्या सर्व जाहिरातींत वाटणे. तिसऱ्यांदा तो माझ्या मावसबहिणीकडून आला, आणि तोवर तिने त्यावर अंमलही केला होता. ती चिपळूणहून आमसूल, आगळ आणि फणसपोळी ऑनलाइन विकते. “दादा, व्हिडिओच्या जाहिरातीवर महिन्याला तीस हजार जात होते आणि तिच्या नावावर एकही ऑर्डर नव्हती, म्हणून बंद केली,” असे तिने मला शांतपणे सांगितले. जाहिरातींची खाती सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे तिच्या खात्यातले आकडे मी नीट पाहिले, आणि ते समोर ठेवूनच हे लिहितो आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

महिन्याला १०० ऑर्डर, प्रत्येकी साधारण १,००० रुपयांची. खर्च यूट्यूब व्हिडिओवर ३०,०००, “कोकम आगळ ऑनलाइन” अशा सर्वसाधारण सर्चवर १०,००० आणि तिच्या दुकानाच्या नावाच्या सर्चवर ८,०००. या १०० ग्राहकांचे मार्ग चार प्रकारचे होते. ४० जणांनी आधी व्हिडिओच्या जाहिरातीवर क्लिक केले होते आणि काही दिवसांनी दुकानाचे नाव शोधून, वर दिसलेल्या जाहिरातीवरून खरेदी केली. २० जण व्हिडिओ, मग सर्वसाधारण सर्च आणि शेवटी नावाचा सर्च असे आले. २० जण केवळ सर्वसाधारण सर्चमधून आले. उरलेले २० जुने ग्राहक होते, ज्यांनी थेट दुकानाचे नाव टाइप केले.

आता याच १०० ऑर्डरींचे श्रेय वाटून पाहा. लास्ट क्लिकने मोजले तर नावाच्या सर्चला ८० ऑर्डर, सर्वसाधारण सर्चला २० आणि व्हिडिओला शून्य मिळतात, म्हणजे रोआस अनुक्रमे १०, २ आणि ०. फर्स्ट टचने मोजले तर व्हिडिओला ६० ऑर्डर मिळतात आणि बाकी दोघांना प्रत्येकी २०, म्हणजे व्हिडिओ २, सर्वसाधारण सर्च २ आणि नावाचा सर्च २.५. ग्राहक तेच, पैसे तेच, एकही ऑर्डर इकडची तिकडे झालेली नाही, तरी पहिल्या तक्त्यात व्हिडिओ निरुपयोगी दिसतो आणि दुसऱ्यात तो बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहतो. बहिणीने पहिला तक्ता पाहून निर्णय घेतला, कारण दुसराही असतो हे तिला कुणी सांगितले नव्हते.

सर्वांत घातक आहे तो तिसरा मुद्दा, म्हणून आधी तोच घेतो. दुकानाचे नाव जो माणूस स्वतः टाइप करतो, त्याला दुकान आधीच माहीत असते. सर्चच्या पानावर सर्वांत वर आपली जाहिरात असते आणि तिच्या खालीच आपल्याच वेबसाइटचा विनाशुल्क दुवा असतो. तो माणूस वरच्या दुव्यावर बोट ठेवतो, आपल्याला त्या क्लिकचे पैसे पडतात आणि खात्यात रोआस १० दिसतो. जाहिरात नसती तर यांतले किती जण खालच्या दुव्यावरून आलेच असते, हा प्रश्न लास्ट क्लिकचा तक्ता विचारतच नाही.

ईबेने तो विचारला. मार्च २०१२ मध्ये कंपनीने अमेरिकेत याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या सर्चवरील जाहिराती बंद केल्या, आणि तुलनेसाठी गुगलवर त्या चालू ठेवल्या. बंद केलेल्या जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक विनाशुल्क दुव्यांवरून परत आले. पुढे त्यांनी नावाखेरीज इतर शब्दांवरच्या जाहिरातीही देशाच्या सुमारे ३० टक्के भागांत दोन महिने थांबवल्या, आणि चालू असलेल्या भागांशी तुलना केली तेव्हा विक्रीतला सरासरी फरक शून्यापासून वेगळा काढता येईल एवढाही निघाला नाही. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकोनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाला. त्यातला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता, पण खर्चाचा मोठा भाग नेहमीच्या ग्राहकांच्या क्लिकवर जात होता, आणि ते तसेही आलेच असते.

ईबे हे घराघरात माहीत असलेले नाव होते आणि चिपळूणचे छोटे दुकान तसे नाही, हे मला मान्य आहे. आपल्या नावाच्या सर्चवर दुसरा विक्रेता बोली लावून स्वतःची जाहिरात दाखवत असेल, तर वरची जागा सोडणे महागात पडू शकते. पण म्हणून परिणाम न तपासता बजेट “तिकडे वळवा” असे सांगणे चुकीचेच आहे. शिवाय नावाच्या सर्चवर पैसे ओतून ते वाढतही नाहीत; जेवढे लोक नाव शोधतात तेवढेच क्लिक मिळतात, आणि नाव शोधणारे लोक दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने तयार होत असतात.

बहिणीच्या बाबतीत ते कारण कुठे होते, हे पुढे दिसले. व्हिडिओ बंद केल्यावर पहिले तीन आठवडे ऑर्डर जवळजवळ तेवढ्याच आल्या, कारण आधी व्हिडिओ पाहिलेले लोक अजून नाव शोधत येत होते. खर्च घटला, एकूण रोआस वाढला आणि तो संदेश तिला आणखी खरा वाटला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस नावाच्या सर्चची इम्प्रेशन, म्हणजे ती जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, निम्म्यावर आली होती. बोली बदललेली नव्हती आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये विनाशुल्क दुव्याचे आकडेही तसेच उतरले होते, म्हणजे लोकांनी नाव शोधणेच कमी केले होते. पावसाळ्यामुळे असे झाले का, हे मी आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा एवढी घट नव्हती. जुन्या ग्राहकांच्या ऑर्डर टिकून होत्या. आटले होते ते पहिल्यांदा खरेदी करणारे.

म्हणजे व्हिडिओ चालू ठेवायलाच हवा होता, असेही मी म्हणत नाही. तिचा ढोबळ नफा ४० टक्के आहे, त्यामुळे पहिल्याच ऑर्डरीत खर्च भरून निघायला रोआस २.५ लागतो. फर्स्ट टचने सगळे श्रेय व्हिडिओला दिले तरी तो २ वरच थांबतो. नवा ग्राहक वर्षभरात आणखी एकदा तरी परत येतो का, यावर निर्णय अवलंबून आहे, आणि ते तिच्या ऑर्डरींच्या नोंदींत आहे, जाहिरातीच्या खात्यात नाही. “दोन” हा आकडा सर्व धंद्यांना लागू होतो, हे तर मुळातच चूक आहे.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ग्राहक एकदाच येतो, लगेच खरेदी करतो आणि आधी कुठे भेटलेलाच नसतो, अशा धंद्यात लास्ट क्लिक पुरेसा असतो. वरच्या उदाहरणातल्या, केवळ सर्वसाधारण सर्चमधून आलेल्या २० ऑर्डरींबाबत लास्ट क्लिक आणि फर्स्ट टच यांचे उत्तर एकच येते.

दुसऱ्या मुद्द्यातली बातमी खरी आहे. गुगलने २०२३ मध्ये जाहिरात खात्यातून आणि वेबसाइटवरची ये-जा मोजणाऱ्या अॅनालिटिक्समधून फर्स्ट टचचे मॉडेल काढले. पण वापरकर्ता पहिल्यांदा कुठून आला हे अॅनालिटिक्समध्ये First user source / medium या नावाने आजही दिसते. त्याची खरी मर्यादा वेगळी आहे. तो पहिला *नोंदलेला* स्पर्श असतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून नंतर लॅपटॉपवरून खरेदी करणारा, किंवा शेजारणीकडे आगळ चाखून आलेला माणूस त्यात चुकीच्या रकान्यात पडतो.

चौथा मुद्दा शास्त्रीय वाटतो म्हणून अधिक फसवा आहे. अशा श्रेयवाटपामागची एक जुनी कल्पना गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांची, १९५३ सालची: एकत्र काम करणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या येण्याने निकालात किती भर पडते ते सर्व क्रमांनी मोजायचे आणि सरासरी काढायची. तिचे सर्वांत साधे रूप बहिणीच्या आकड्यांना लावले, तर व्हिडिओला सुमारे २७ ऑर्डर, सर्वसाधारण सर्चला सुमारे २७ आणि नावाच्या सर्चला सुमारे ४७ मिळतात. गुगल खरेदी न झालेले मार्गही विचारात घेते, त्यामुळे त्याचे आकडे वेगळे येतील, पण अडचण तीच राहील. जुने २० ग्राहक केवळ नावाच्या सर्चमधूनच आलेले दिसतात, म्हणून त्यांचे पूर्ण श्रेय त्यालाच जाते. ते जाहिरातीविना आले असते की नाही, हे त्या मार्गांत कुठेच लिहिलेले नसते. हिशोब लास्ट क्लिकपेक्षा नक्कीच न्याय्य आहे, तरी नावाच्या सर्चचा रोआस जवळजवळ ६ आणि व्हिडिओचा ०.९ दिसतो, आणि संदेशातला नियम लावला तर व्हिडिओ इथेही बंद होतो. शिवाय पूर्वी गुगल जाहिरात खात्यात या मॉडेलसाठी ३० दिवसांत ३०० कन्व्हर्जन, म्हणजे नोंदलेल्या खरेदी, आणि ३,००० जाहिरात-संवाद, म्हणजे क्लिकसारखे प्रतिसाद, लागत. आता बहुतेक प्रकारांना तशी अट नाही, त्यामुळे १०० ऑर्डरींच्या खात्यातही दशांशासह आकडा दिसतो आणि तो आहे त्याहून पक्का वाटतो.

म्हणून तिच्यासाठी मी वेगळी तपासणी लावून दिली आहे. ज्या जिल्ह्यांत तिचा माल जातो त्यांच्या मागील ऑर्डरी पाहून बरोबरीच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एका जिल्ह्यात, चिठ्ठी टाकून, नावाच्या सर्चची जाहिरात आठ आठवडे बंद केली. आपल्या नावावर दुसरे कुणी बोली लावत नाही, हे आधी जाहिरात खात्यातल्या Auction insights या अहवालात पाहून घेतले आणि दिवाळीचे आठवडे टाळले. निकाल खात्यातून घ्यायचा नाही. पार्सलच्या पिनकोडवरून प्रत्येक जिल्ह्याच्या एकूण ऑर्डरी मोजायच्या. एवढ्या थोड्या ऑर्डरींत पाच-दहा टक्क्यांचा फरक कळणार नाही, हे मी तिला सांगितले आहे. पण नावाच्या सर्चच्या ८० ऑर्डरी खरोखर त्या जाहिरातीमुळे येत असतील, तर बंद जिल्ह्यांची विक्री एवढी कोसळेल की ती वहीतही दिसेल. पाचवा आठवडा चालू आहे. पार्सल बांधताना ती प्रत्येक पिनकोड स्वतः लिहून ठेवते आहे.