तीन सेकंदांची खिचडी

‘नमस्कार मैत्रिणींनो, माझ्या किचनमध्ये तुमचं मनापासून स्वागत आहे.’ रेसिपीच्या छोट्या व्हिडिओचं हे पहिलं वाक्य घड्याळ लावून, घाई न करता म्हणून बघा. साधारण चार सेकंद लागतात. बघणारा तोवर तुमच्या किचनमधून निघून कुणाच्या तरी मांजरापाशी पोचलेला असतो. दार उघडून ‘या, या’ म्हणायचं आणि पाहुणा जिना उतरून गेलेला, असा हा प्रकार.

म्हणून जाणकार सांगतात, आधी हुक लिहा. हुक म्हटलं की मला अजूनही ब्लाउजचा आठवतो, आणि दोन्हींचा स्वभाव सारखाच आहे. नीट लागला तर कुणाच्या लक्षात येत नाही, निसटला तर सगळ्यांच्या येतो. व्हिडिओतला हुक म्हणजे पहिले तीन सेकंद. अंगठा वर सरकत असताना तो जागच्या जागी थांबावा, एवढंच त्याचं काम. सेकंदाला तीस चित्रांच्या हिशेबाने नव्वद चित्रं आणि आरामात बोललात तर सहा-सात शब्द, एवढंच भांडवल. त्यात नमस्कार, नाव, गाव, आज चतुर्थी आहे ही बातमी आणि पदार्थाचा इतिहास बसवायला गेलं की लोकलच्या डब्यासारखं होतं. सगळे चढतात, श्वास कुणालाच घेता येत नाही.

उदाहरणाला साबुदाण्याची खिचडी घेऊ. नवशिक्याला ती सोपी वाटते आणि ती त्याला हमखास फसवते. पहिला मसुदा सहसा असा असतो: ‘आज आपण बनवणार आहोत मऊ, मोकळी, लुसलुशीत साबुदाणा खिचडी.’ यात चूक काहीच नाही आणि तीच त्याची अडचण आहे. मऊ, मोकळी, लुसलुशीत सगळ्यांचीच असते, निदान बोलण्यात. हे ऐकून कुणाच्या पोटात काही हलत नाही.

दुसऱ्या मसुद्यात माणूस पेटून उठतो: ‘ही एक चूक तुम्ही आयुष्यभर करत आलात!’ एवढ्या आवेशाने कुकरची शिट्टीसुद्धा बोलत नाही. बघणारा थांबतो खरा, पण चूक कळायला सव्वा मिनिट लागतं आणि शेवटी ती ‘मीठ बेताने घाला’ अशी निघते. पुढच्या वेळी तो तुमचं तोंड दिसताच अंगठा चालवतो. ‘शेवटपर्यंत नक्की बघा’ हेही त्याच जातीचं. जेवायला बसवून ‘ताट संपल्याशिवाय उठायचं नाही’ म्हणावं तसं.

तिसरा मसुदा शहाणा असतो, पण लांब: ‘साबुदाणा किती वेळ आणि किती पाण्यात भिजवला म्हणजे खिचडी चिकट होत नाही, ते आज पाहू.’ विषय बरोबर पकडलाय, पण वाक्याचा अर्थ ‘चिकट होत नाही’पाशी लागतो आणि ते येतं पाचव्या सेकंदाच्या आसपास. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ही आपल्या व्याकरणाची शोभा असली तरी हुकची वैरीण आहे. त्यावर उपाय म्हणजे वाक्य तोडायचं आणि दुखणं पुढे आणायचं.

चौथा मसुदा: ‘खिचडीचा गोळा होतोय? पाणी फक्त इथपर्यंत.’

शब्द सहा. पहिल्या तीन शब्दांत बघणाऱ्याचं दुखणं आलं, तेही त्याच्याच भाषेत. घरात कुणी ‘खिचडीचा पोत बिघडला’ म्हणत नाही, ‘गोळा झाला’ म्हणतात. आणि ‘इथपर्यंत’ या शब्दाची सगळी मजा अशी की तो नुसता ऐकून कळत नाही, बघावाच लागतो. लिहिणाऱ्याने निम्मं काम चित्रावर ढकललं, हे त्याचं खरं कसब. शिवाय बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी बसून आवाज बंद ठेवूनच बघणारे पुष्कळ असतात. म्हणून हुक लिहून झाला की कान झाकून तपासायचा. नुसत्या चित्रावरून आणि पडद्यावरच्या अक्षरांवरून कळला तरच तो हुक, नाहीतर तो आकाशवाणीचा कार्यक्रम.

आता ती दोन चित्रं. पहिल्या सेकंदात कढईतून चमचा वर येतो, त्यावर एकसंध गोळा, आणि तो ताटलीत धप्पकन पडतो. पुढच्या दोन सेकंदांत काचेचा बाऊल, तळाशी साबुदाणा, पाणी जेमतेम दाण्यांच्या माथ्याला टेकलेलं आणि त्या रेषेवर एक बोट.

बाऊल काचेचाच हवा. स्टीलच्या पातेल्यात वरून डोकावलं तर पाण्याची पातळी दिसत नाही. दिसतो तो आपला चेहरा, हातातला फोन आणि मागे वाळत घातलेला टॉवेल. काचेच्या बाऊलसमोर फोन खाली आणून पाण्याच्या रेषेच्या उंचीवर धरला की एका नजरेत उलगडा होतो. यात एक गंमत आहे. फोन पांढरा साबुदाणा बघून बिचकतो, ‘फारच उजेड आहे’ असं समजून सगळं चित्र काळवंडवून टाकतो आणि बोट आत शिरलं की पुन्हा उजळवतो. तीन सेकंदांत दोनदा दिवे गेल्यासारखं दिसतं. म्हणून बोट बाऊलला लावून ठेवायचं, पडद्यावर साबुदाण्यावर अंगठा काही क्षण दाबून धरून उजेड आणि फोकस पक्का करायचा, मगच शूट. त्याआधी लेन्स सुती कापडाने पुसायची. स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तेलाचं बोट असतंच, त्यामुळे खिडकीचा उजेड धुक्यासारखा पसरतो.

गोळ्याचं काय? तो मुद्दाम बनवावा लागतो. ज्यांना एरवी मोकळी खिचडी जमत नाही त्यांनाही नेमकी त्या दिवशी मोकळी होते, हा स्वयंपाकघराचा खोडसाळपणा. खात्रीचा मार्ग असा: दोन-तीन चमचे साबुदाणा न धुता, दुप्पट-तिप्पट पाण्यात भिजवायचा, न निथळता तुपात टाकायचा आणि झाकण ठेवून वाफवायचा. दाण्यांवरची पिठी गरम पाण्यात खळ होते आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. वाया जाऊ द्यायचा नाही. उकडलेला बटाटा आणि दाण्याचं कूट घालून त्याचे वडे होतात.

अक्षरांचा छळ वेगळाच. पांढऱ्या साबुदाण्यावर पांढरी अक्षरं टाकणारे महाभाग आहेत, त्यांना मी दुधात दूधवाला शोधणारे म्हणते. मागे काळी पट्टी द्यावी, जाड अक्षर घ्यावं, तीन-तीन शब्दांच्या दोन ओळी कराव्यात. काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘फक्त’चा ‘फक्‌त’ होतो, कुठे उकार कापला जातो. फोनवर पूर्ण आकारात उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आणि अक्षरं पडद्याच्या तळाशी कधीच टाकू नयेत. तिथे तुमचं नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी येऊन बसते, उजवीकडे बदाम आणि बाणांची रांग लागते. मध्याच्या जरा वरची जागा मोकळी सापडते. पहिलं अक्षर पहिल्याच चित्रापासून दिसलं पाहिजे. सरकत, नाचत, गिरकी घेत येणाऱ्या अक्षरांचा प्रवेश होईपर्यंत सेकंद संपतो.

आवाजातही तसंच. शूटचं बटण दाबणं, हात मागे घेणं, घसा साफ करणं आणि ‘हं, सुरू झालं का गं?’ हे सगळं कापून टाकायचं. ‘खि’ हे अक्षर पहिल्या क्षणाला ऐकू आलं पाहिजे. एक्झॉस्ट पंखा बंद ठेवायचा. तो प्रत्यक्षात घुं करतो आणि फोनमध्ये विमानतळ.

इथवर सगळं जमलं की नवशिक्याला एक शंका येते आणि ती रास्त आहे. उत्तर तिसऱ्या सेकंदाला देऊन टाकलं, मग पुढे कोण कशाला थांबेल? म्हणून चौथ्या सेकंदाचं वाक्य हुकच्या बरोबरीनेच लिहायचं: ‘पण न धुता एवढंच पाणी घातलंत, तरी गोळाच.’ एक गाठ सुटली की दुसरी दिसली पाहिजे. मग निथळ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा धुणं, चार-पाच तास किंवा रात्रभर भिजवणं, दाणा चिमटीत दाबल्यावर मध्ये कडक कण न लागता चुरडणं, आणि वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी जाडसर कूट, हे क्रमाने येतं. कूट उरलेला ओलावा पितं आणि दाण्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. साबुदाणा जुना किंवा मोठ्या दाण्याचा असेल तर पाण्याचा हबका जास्तीचा लागतो. हा अपवाद खालच्या मजकुरात लिहावा, हुकमध्ये कोंबू नये. पण लिहावाच, नाहीतर कुणीतरी काकू ‘आमच्याकडे कच्चा राहिला’ असं तारीख-वारासह कळवतात आणि त्यांचं बरोबर असतं.

व्हिडिओ टाकल्यावर दुसऱ्या दिवशी आकडे बघायचे. कुठल्या क्षणी किती जण गेले याचा आलेख मिळतो, तो ज्वराच्या तक्त्यासारखा वाचावा. पहिल्याच सेकंदात घसरला असेल तर वाक्याला दोष देऊ नका. तोवर वाक्य कुणी ऐकलेलंच नसतं, दोष चित्राचा: गोळा ओळखू येत नसेल किंवा अंधार असेल. चौथ्या-पाचव्या सेकंदाला घसरला तर हुक लागला होता, पण त्यानंतर तुम्हाला ‘नमस्कार मैत्रिणींनो’ म्हणायचा मोह आवरला नाही. आणि एकूण चाळीसच जणांनी बघितलं असेल, त्यातले बारा नातेवाईक, तर आलेख मिटून ठेवावा. नातेवाईक शेवटपर्यंत बघतात, कारण नंतर फोनवर विचारलं जाणार असतं.

या सगळ्यात सर्वांत मोठी पंचाईत वेळेची आहे. खरं दुखणं कुठलं, कुठलं चित्र ते सांगतं, हे खिचडी करून, खाऊन, कढई घासायला टाकल्यावर सुचतं. आणि ज्या बोटाचं आणि पाण्याच्या रेषेचं चित्र पहिल्या तीन सेकंदांत हवं, तो क्षण तर आदल्या रात्री भिजवताना येऊन गेलेला असतो, ओट्यावरच्या स्टीलच्या पातेल्यात, बिनदिव्याचा. म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा साबुदाणा धुवा, काचेच्या बाऊलमध्ये घाला, बोट लावा. भिजवलेला साबुदाणा टाकता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी, कसलाही उपास नसताना, घरात पुन्हा खिचडी असते, आणि ताटावर बसलेलं माणूस चमचा वर उचलून विचारतं, ‘हे खायचं आहे, की अजून शूट व्हायचंय?’