कार्डचं बिल खरेदीपेक्षा जास्त येतं, म्हणजे बँकेनं चोरलं का?

«या महिन्यात कार्डावर फक्त 8,000 ची खरेदी केली, जुने 15,000 बाकी. म्हणजे 23,000 व्हायला हवेत. बिल आलं 24,746 चं! मागच्या वेळी मिनिममपेक्षा पाचपट भरलं, तरी व्याज. वस्तू घेताना जीएसटी दिला, तरी बँकेनं पुन्हा घेतला. पेट्रोलचा सरचार्ज माफ म्हणाले, तोही पूर्ण परत केला नाही. मंडळी, बँकेचा आकडा भरू नका, स्वतः बेरीज करा आणि तेवढेच भरा. सगळ्यांना पाठवा.»

फिरणाऱ्या या संदेशातले आकडे खरे धरू आणि स्टेटमेंट उघडू. कार्डाचं बिल दर महिन्याच्या 15 तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 4. व्याज महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42. 1 मार्चला 20,000 चं वॉशिंग मशीन घेतलं. 15 मार्चच्या बिलातले 5,000 4 एप्रिलला भरले, 15,000 राहिले. मधल्या काळात 20 मार्चला 6,000 चा किराणा आणि 6 एप्रिलला 2,000 चं पेट्रोल. 15 एप्रिलला नवं बिल निघालं.

व्याजापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत मोठा गोंधळ तिथंच आहे. मिनिमम ड्यू भरला म्हणजे लेट फी लागत नाही आणि खातं थकबाकीत जात नाही, एवढंच. व्याजमुक्त मुदतीचा त्याच्याशी संबंध नाही. ती मुदत टोटल ड्यू पूर्ण भरणाऱ्याला मिळते. एक रुपया जरी मागे राहिला, तरी मुदत दोन्ही बाजूंनी जाते: राहिलेल्या रकमेवर व्याज थेट खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि नव्या खरेदीवर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. किराण्यावर व्याज कसं, हा प्रश्न इथून येतो.

हिशोब सोपा आहे: रक्कम गुणिले दिवस गुणिले 0.42 भागिले 365. मशीनचे उरलेले 15,000, 1 मार्च ते 15 एप्रिल, 45 दिवस: 776.71 रुपये. किराण्याचे 6,000, 26 दिवस: 179.51. पेट्रोलचे 2,000, 9 दिवस: 20.71. एकूण 976.93. स्टेटमेंटवर हे तीन आकडे वेगळे दिसत नाहीत, एकाच ओळीत येतात, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो. एखाद्या बँकेच्या दिवस मोजण्याच्या पद्धतीनं रुपया-दोन रुपयांचा फरक पडेल. दोनशेचा फरक पडला तर विचारायलाच हवं.

इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. मुदतीत भरलेले 5,000 या गुणाकारात नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे भरणा आणि परतावा वजा करून जी रक्कम उरते तिच्यावरच व्याज लावायचं असतं. पूर्ण 20,000 वर 45 दिवसांचं व्याज लावलेलं दिसलं, तर ती तक्रारीची जागा आहे.

आता जीएसटी. दुकानात दिलेला कर वस्तूवरचा होता. बँक घेते तो बँकेच्या सेवेवरचा. वस्तूच्या किमतीवर तो पुन्हा लागत नाही, फक्त व्याज, फी आणि सरचार्ज यांवर 18 टक्क्यांनी लागतो. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, मग कार्डाच्या व्याजावर का, असं विचारणारे भेटतात. कर्जाच्या व्याजाला जी सूट आहे तिच्यातून क्रेडिट कार्डाचं व्याज स्पष्टपणे वगळलेलं आहे. हे योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण बँकेनं खिशातून काढलेला नियम नाही. आपल्या उदाहरणात व्याजावरचा जीएसटी 175.85. म्हणजे 42 टक्क्यांचं व्याज हातात पडेपर्यंत साधारण साडेएकोणपन्नास टक्क्यांचं झालेलं असतं. जाहिरातीत मात्र आकडा साडेतीनच दिसतो.

पेट्रोलचा मामला छोटा आहे, पण भांडणं त्यावरच जास्त. पंपावरची चिठ्ठी 2,000 ची. सरचार्ज 1 टक्का, म्हणजे 20 रुपये, त्यावर जीएसटी 3.60. माफी मिळते ती 20 रुपयांची, तीही बहुतेक वेळा नंतर वेगळ्या जमा-ओळीनं. 3.60 बहुतेक कार्डांवर परत येत नाहीत. शिवाय माफीला किमान आणि कमाल रक्कम ठरलेली असते. बऱ्याच कार्डांवर व्यवहार 400 ते 4,000 किंवा 5,000 च्या मधला असावा लागतो आणि महिन्याच्या माफीलाही कमाल मर्यादा असते. 300 रुपयांचं पेट्रोल भरून माफीची वाट बघू नका. तुमच्या कार्डाची मर्यादा अटी-शर्तींच्या पत्रकात सापडेल.

राहिली वार्षिक फी: 500 आणि जीएसटी 90. वर्षातून एकदाच येते, म्हणून लक्षात राहत नाही.

बेरीज करा: 23,000 अधिक 976.93, अधिक 175.85, अधिक 3.60, अधिक 590. होतात 24,746.38. एक पैसा इकडेतिकडे नाही.

«बेरीज करा आणि तेवढेच भरा» हा सल्ला या संदेशातला सगळ्यांत महागडा भाग आहे. 23,000 भरले तर 1,746 रुपये बाकी राहतात, टोटल ड्यू पूर्ण झालेला नसतो, आणि पुढच्या महिन्याच्या दुधापासून सगळ्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू राहतं. आकडा पटत नसला तरी आधी भरा, भांडण नंतर. चूक बँकेची निघाली तर रक्कम खात्यात परत जमा होते.

सगळे 24,746 भरले तरी मेच्या बिलात व्याजाची एक ओळ दिसू शकते. 15 एप्रिल ते 4 मे हे 19 दिवस 23,000 रुपये खात्यावर होते, त्याचं व्याज सुमारे 503 रुपये आणि जीएसटी. एप्रिलच्या बिलात ते येऊच शकत नव्हतं. बिल निघाल्याबरोबर 16 किंवा 17 तारखेलाच पैसे भरले असते तर ही ओळ पंचवीस-पंचावन्न रुपयांवर आली असती. जुनी बाकी असताना ड्यू डेटची वाट बघणं म्हणजे रोज पंचवीस-तीस रुपये देणं.

बँकेच्या चुका होतच नाहीत, असं कुणी म्हणत नाही. तीन ठिकाणी शोधा. ड्यू डेट उलटून तीन दिवस होण्याआधीच लेट फी लागली आहे का. नियमाप्रमाणे ती त्यानंतरच, आणि फक्त न भरलेल्या रकमेच्या हिशोबानं लावता येते. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज धरलं आहे का. त्याला मनाई आहे. परत केलेल्या वस्तूचा परतावा जमा झाल्यावरही त्या रकमेवर व्याज चालू आहे का. काही सापडलं तर बँकेला लेखी कळवा: स्टेटमेंटची तारीख, ओळ, तुमचा गुणाकार आणि फरकाची रक्कम. तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.