आकाराचा रकाना ठेवायला यांचं काय जातं?

मेलच्या यादीत 'आकार' नावाचा एक रकाना ठेवायला यांचं काय जातं, हे मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगा. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जड मेल वर आणि हलके खाली, एवढंच मागणं आहे. कॉम्प्युटरवरच्या फाइलींना हे नव्वदच्या दशकापासून जमतंय. मेलच्या ब्राउझरमधल्या खिडकीत मात्र अजून जमत नाही, आणि तेही जगभरातले कोट्यवधी लोक वापरतात अशा फुकटच्या सेवेत. नाव घेत नाही, तुमचंही खातं तिथेच असणार.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. सोसायटीचं खातं फुकटातलं, पंधरा जीबीचं. ही पंधरा जीबी फक्त मेलची नाही, ड्राइव्हवरच्या फाइली आणि फोटोही त्यातच मोजले जातात. म्हणून आधी कोणी किती खाल्लं ते जागेच्या पानावर बघायचं. आमच्याकडे गणपतीचे व्हिडिओ निर्दोष निघाले, बकासुर मेलच होता. जागा संपली की मेल जात नाही आणि येतही नाही. पाठवणाऱ्याला त्याचा मेल परत मिळतो आणि आपल्याला फोन येतो, "मॅडम, ऑडिटचे कागद पाठवले होते, बाउन्स झाले." मग आपण खाली मान घालून खातं उघडायचं, आणि समोर लाल पट्टी: जागा भरली, जास्तीची जागा विकत घ्या. विकत घ्यायचं बटण एका क्लिकवर. जड मेल कुठले, ते दाखवणारं बटण? ते शोधा तुम्ही.

म्हणतात, शोधाच्या चौकटीत हे टाइप करा:

```
larger:10M
```

टाइप केलं. दहा एमबीपेक्षा मोठे सगळे मेल आले. कुठल्या क्रमाने? तारखेच्या. अहो, मी आकार विचारला! क्रम बदलायला गेलं तर पर्याय दोनच, सगळ्यात नवे किंवा सगळ्यात 'सुसंबद्ध'. सुसंबद्ध म्हणजे कोणाशी, ते देव जाणे. वर त्या ओळीत मेलचा आकार लिहिलेलाही नाही. अकरा एमबीचा मेल आणि चोवीस एमबीचा मेल शेजारी शेजारी बसलेत आणि दोघांचेही चेहरे सारखे. म्हणजे पोत्यांची वजनं आतल्या वहीत लिहून ठेवलेली असताना हमालाला एकेक पोतं उचलून बघायला लावायचं, असा हा कारभार.

आणि वजनं खरंच लिहिलेली असतात, संताप त्याचाच आहे. मेल सर्व्हरवर येऊन पडला की त्याचा आकार सर्व्हरला माहीत असतो. बाहेरचं मेल सॉफ्टवेअर सर्व्हरशी ज्या आयमॅप नावाच्या पद्धतीने बोलतं, तिच्यात प्रत्येक मेलचा आकार विचारायची सोय आहे, तिला RFC822.SIZE म्हणतात. सर्व्हरनेच आकाराप्रमाणे क्रम लावून द्यावा, याचंही प्रमाण 2008 साली लिहून झालंय. म्हणजे गणित अवघड नाही, माहिती गहाळ नाही, आणि साधनं तर कधीची आहेत. नाही ती फक्त इच्छा. जो जागा विकतो तो तुमची जागा रिकामी करून द्यायला कशाला धावेल, असं मला वाटतं. जड मेलची आकाराने लावलेली यादी त्यांच्याकडे आहेसुद्धा, पण ती इनबॉक्समध्ये नाही. ती जागा विकायच्या पानाच्या पोटात, 'जागा साफ करा' असल्या कोपऱ्यात. तिथपर्यंत पोचेस्तोवर तीनदा विचारतात, महिन्याला एवढेच तर रुपये, घेऊनच टाका ना.

बरं, इनबॉक्समध्येच करायचं तर एकच रस्ता, पायऱ्यांनी उतरा. आधी larger:20M, त्यातलं नको ते काढा. मग

```
larger:10M smaller:20M older_than:2y
```

म्हणजे दहा ते वीस एमबीमधले, दोन वर्षांहून जुने, असं करत खाली या. पंचवीसच्या खूप वर शोधायला गेलात तर फारसं काही सापडणार नाही, कारण या सेवेतून अटॅचमेंट पाठवायची मर्यादाच पंचवीस एमबीची आहे. आणि त्या पंचवीसमध्येही एक गोम आहे. अटॅचमेंट मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात जाते. मूळ फाइलच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार तिसऱ्या हिश्शाने फुगतो. आमच्या चेअरमन साहेबांनी चार पानांचा ठराव कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणला, रंगीत, सहाशे डीपीआयवर. कागदावर काळी अक्षरं आणि एक निळा शिक्का. फाइल अठरा एमबी. मेलबॉक्सात ती चोवीसच्या पुढे. मग त्यांनी ती मला पाठवली, मी ती कमिटीला फॉरवर्ड केली, खजिनदारांनी 'कृपया पाहावे' म्हणून पुन्हा सोसायटीच्या खात्यावर फॉरवर्ड केली. रिप्लायमध्ये अटॅचमेंट सहसा मागे राहते, फॉरवर्डमध्ये ती बरोबर जाते. तीन प्रती, सत्तर एमबीच्या वर, एका ठरावासाठी! करड्या रंगात दोनशे डीपीआयवर स्कॅन केला असता तर दोन एमबीतही मावला असता. पण हे चेअरमन साहेबांना सांगणार कोण? ते म्हणतात, "ताई, क्लिअर दिसायला पाहिजे."

आता काढून टाका, त्यात काय, असं म्हणाल. त्यातच तर सगळा घोळ. ही सेवा एकाच विषयाचे मेल एका ओळीत गुंडाळते. शोधात सापडतो त्यातला एक जड मेल, पण डावीकडच्या चौकोनात टिक मारली की निवडली जाते ती अख्खी गुंडाळी. आमच्याकडे लिफ्ट दुरुस्तीची एक लांबलचक साखळी आहे. पहिल्या मेलला कॉन्ट्रॅक्टरने गंजलेल्या दोरांचे फोटो जोडलेत, बावीस एमबी. त्याखाली बारीक बारीक मेल, कोणी दर मान्य केला, कोणी वॉरंटी लिहून दिली, ॲडव्हान्स कधी दिला. फोटो गेले तर गेले, पण हे बारीक मेल गेले तर उद्या भांडण झालं की दाखवायचं काय? टिक मारून डिलीट केलं की सगळं एकदम बिनमध्ये. ना धोक्याची सूचना, ना काही. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये General खाली Conversation View बंद करायचं, पान सेव्ह करायचं, मग प्रत्येक मेल सुटा दिसतो. हे कुठे लिहिलंय? जिथे टिक मारतो तिथे तर नक्कीच नाही.

शेवटी मी कंटाळून लॅपटॉपवर थंडरबर्ड नावाचं मेल सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतं, वर्षानुवर्षं आहे, आणि त्यात आकाराचा रकाना आहे. आहे! पण तिथेही सुखासुखी नाही. एक म्हणजे खातं जोडलं की ते सगळे मेल लॅपटॉपवर उतरवायला लागतं, गिगाबाइटच्या गिगाबाइट. ते नको असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये Synchronization & Storage मधली मेल याच कॉम्प्युटरवर ठेवायची खूण लगेच काढायची. आकार बघायला पूर्ण मेल उतरवावा लागत नाही, नुसत्या मथळ्यांबरोबर तो येतो. दुसरं म्हणजे नव्या आवृत्त्यांत यादी कार्डांसारखी दिसते आणि कार्डांना रकाने नसतात. मेलच्या यादीच्या वरच्या बटणातून Table View निवडायचं. मग रकान्यांच्या नावांच्या ओळीच्या अगदी उजव्या टोकाला रकाने निवडायचं बारकं चिन्ह आहे, त्यातून Size वर खूण. तिसरं, View मधून Sort By मध्ये Unthreaded करायचं, नाहीतर इथेही साखळ्यांचा गुंता आहेच. आणि हे सगळं इनबॉक्समध्ये करून उपयोग नाही, कारण पाठवलेले मेलही जागा खातात. All Mail हा फोल्डर उघडायचा, Size वर क्लिक करायचं, गरज पडली तर परत एकदा.

आणि मग काय दृश्य! चेअरमन साहेबांचा ठराव, ठरावाची जुळी, ठरावाची तिळी. त्याखाली सोसायटी रंगवायला रंगवाल्याने पाठवलेलं रंगांचं कॅटलॉग, जे कोणी उघडलंही नसेल. त्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो, सोसायटीच्या अधिकृत खात्यावर. ओळीत नाव, ओळीत आकार, आणि क्रम उतरता. एका नजरेत कळलं काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं. ठेवायचं ते अटॅचमेंट उतरवून पेनड्राइव्हवर आणि हार्डडिस्कवर, बाकीचं डिलीट. इतकं सोपं काम ब्राउझरमधल्या इनबॉक्समध्ये का करता येऊ नये?

एक मात्र बजावते. आकाराने लावलेली यादी जड मेल पकडते, चिल्लर नाही. शंभर केबीच्या वीस हजार जाहिराती म्हणजे दोन जीबी झाले, आणि त्या या यादीत तळाशी लपून बसतात. त्यांना पाठवणाऱ्याच्या नावानेच पकडावं लागतं, ते वेगळं युद्ध.

आणि डिलीट केलं म्हणजे जागा मोकळी झाली, असं तर मुळीच समजू नका. मेल बिनमध्ये तीस दिवस पडून राहतो आणि तेवढे दिवस तो तुमच्या पंधरा जीबीतच मोजला जातो. बिन स्वतः उघडून रिकामा करावा लागतो. तो केला, तरी आकडा लगेच हलत नाही. मी बिन रिकामा करून पान पुन्हा पुन्हा उघडून बघतेय, ऑडिटरचा फोन येतोय, आणि ती लाल पट्टी तिथेच आहे, तेच विकत घ्यायचं बटण घेऊन.